‘बाह्यरुग्ण उपचार शक्य होते’ : लेप्टोचा नाकारलेला विमादावा आणि आमचे अपील

बाबांच्या लेप्टोस्पायरोसिसच्या उपचारांचा विमादावा 29 ऑगस्ट 2025 रोजी नाकारला गेला आणि त्याच दाव्याची बहुतांश रक्कम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या खात्यात जमा झाली. मधल्या काळात आम्ही विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक अपिलाचे पत्र पाठवले होते. कोकणात दर पावसाळ्यात तापाचे असंख्य रुग्ण दाखल होतात आणि त्यांपैकी अनेकांना आमच्यासारखेच उत्तर मिळते. म्हणून ते पत्र कसे बांधले, कोणते कागद लागले आणि कोणता युक्तिवाद आम्ही मुद्दाम केला नाही, हे तारखांसह लिहून ठेवत आहे.

आधी आजारपणाचा क्रम सांगते, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. आमची शेती सिंधुदुर्गात, खाडीच्या अंगाला आहे. जूनच्या अखेरीपासून बाबा लावणीसाठी रोज चिखलात उभे होते आणि पायाच्या बोटांमध्ये नेहमीप्रमाणे चिखल्या झाल्या होत्या. 8 जुलैला त्यांना थंडी वाजून ताप आला. 9 जुलैला प्राथमिक आरोग्य केंद्रात पॅरासिटामॉल आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या मिळाल्या. पावसाळ्यात अंगदुखीसह ताप असलेल्या शेतकऱ्याला हे औषध लगेच सुरू करण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. पण 10 तारखेच्या रात्रीपासून त्यांना उलट्या सुरू झाल्या. ‘‘पोटात कायच रवणा नाय,’’ असे ते म्हणत होते. पुढे हेच वाक्य डॉक्टरांच्या भाषेत आमच्या अपिलातला महत्त्वाचा पुरावा ठरले. 11 जुलैच्या संध्याकाळी तालुक्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात त्यांना दाखल केले आणि 16 जुलैला घरी आणले.

रुग्णालय कंपनीच्या जाळ्यातले नसल्यामुळे कॅशलेसचा प्रश्नच नव्हता. बिल आणि औषधे मिळून 71,850 रुपये आम्ही भरले आणि 25 जुलैला प्रतिपूर्तीचा दावा दाखल केला. त्यासोबत दावा अर्जाचे दोन्ही भाग, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, तपासण्यांचे अहवाल आणि डॉक्टरांचे एक छोटे प्रमाणपत्र होते. दाखल असतानाचे केसपेपर मात्र त्या वेळी कोणी मागितले नाहीत.

नकाराचा ईमेल आला तेव्हा घरी गणपती होते आणि मुंबईहून आलेल्या माणसांनी घर भरले होते. मी तो मोबाईलवर वाचला आणि गौरी-गणपतीचे विसर्जन होईपर्यंत कोणालाही काही सांगितले नाही. राग आला होता, पण त्याहून जास्त गोंधळ झाला होता, कारण पत्रातली भाषा ठाम होती आणि वाचताना क्षणभर वाटले की त्यांचेच बरोबर असेल. मजकुराचा आशय असा होता: रुग्णाला मुख्यतः निरीक्षण व तपासण्यांसाठी दाखल केले होते, दाखल होताना रुग्णाची नाडी, रक्तदाब इत्यादी स्थिर होते, लेप्टोस्पायरोसिसची आयजीएम चाचणी निगेटिव्ह आहे, त्यामुळे बाह्यरुग्ण स्तरावर उपचार शक्य होते आणि दावा अपवर्जन क्रमांक 04 तसेच ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ या व्याख्येनुसार देय नाही.

हे पत्र शांतपणे पुन्हा वाचल्यावर लक्षात आले की एका परिच्छेदात चार वेगवेगळी विधाने आहेत आणि ती पॉलिसीच्या दोन वेगळ्या तरतुदींना टेकलेली आहेत. अपवर्जन 04 सर्व कंपन्यांच्या आरोग्य पॉलिसींमध्ये सारख्याच शब्दांत असते. केवळ निदान आणि तपासणीसाठी दाखल झाल्यास खर्च मिळणार नाही, तसेच चालू आजाराशी संबंध नसलेल्या तपासण्यांचा खर्चही मिळणार नाही, असे ते सांगते. ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ ही व्याख्याही प्रमाणित आहे आणि तिला चार अंगे आहेत. उपचार त्या आजारासाठी गरजेचा असावा. सुरक्षित व पुरेशा काळजीसाठी लागते त्यापेक्षा तो व्याप्तीने, कालावधीने किंवा तीव्रतेने जास्त नसावा. तो डॉक्टरांनी लिहून दिलेला असावा. आणि वैद्यकीय क्षेत्रात मान्य असलेल्या पद्धतीला धरून असावा. पॉलिसीच्या पुस्तिकेतली ती दोन पाने मी छापून घेतली आणि समोर ठेवली. आमचे दुःख सांगणारे पत्र लिहिण्यापेक्षा या चार विधानांना आणि चार अंगांना एकेक करून उत्तर द्यायचे, हे तिथेच ठरले.

उत्तराला कागद हवेत. 3 सप्टेंबरला रुग्णालयात लेखी अर्ज देऊन संपूर्ण इनडोअर केसपेपरच्या प्रती मागितल्या. स्वागतकक्षातल्या मुलीने ‘‘डिस्चार्ज कार्ड दिलंय ना ताई, बाकीचं देत नाही आम्ही,’’ असे सांगितले. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्जात या नियमाचा उल्लेख केलेला होता आणि बाबांच्या सहीचे अधिकारपत्रही जोडलेले होते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, झेरॉक्सचे 180 रुपये भरले आणि 6 सप्टेंबरला प्रती मिळाल्या. मागताना नुसते ‘केसपेपर’ म्हणू नये. दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषध दिल्याचा तक्ता आणि पाणी-लघवीच्या मोजमापाचा तक्ता अशी नावे घेऊन मागावे, कारण नर्सिंगचे कागद पुष्कळदा वेगळ्या गठ्ठ्यात असतात आणि नाव घेतल्याशिवाय ते निघत नाहीत.

ते कागद वाचताना आधी आमच्याविरुद्ध जाणाऱ्या गोष्टी सापडल्या. डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती ठीक, व्हायटल्स स्थिर’ अशी छापील ओळ होती. संगणकातल्या तयार नमुन्यातली ही ओळ प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर येते. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातही ‘तापाच्या निरीक्षण व तपासणीसाठी दाखल’ असे शब्द होते. म्हणजे कंपनीच्या डॉक्टरांनी आक्षेप हवेतून काढला नव्हता, तर आमच्याच दोन कागदांमधून उचलला होता. एका नातेवाइकांनी नवे डिस्चार्ज कार्ड करून घेण्याचा सल्ला दिला. तो आम्ही मानला नाही आणि कोणी मानूही नये. जुनी प्रत कंपनीकडे असताना बदललेली नवी प्रत पुढे केली की खाडाखोडीचा संशय येतो आणि मग खरा कागदही खोटा ठरतो. मूळ नोंद तशीच ठेवून तिचा खुलासा करणारे वेगळे पत्र डॉक्टरांकडून घ्यायचे, हाच सरळ मार्ग आहे.

नर्सिंग चार्टने मात्र आमची बाजू उघडली. 11 जुलैच्या पानावर सिस्टरच्या घाईच्या अक्षरात रात्री 7.40 ला रक्तदाब 90/60, नाडी 118, ताप 102.6 आणि ‘सकाळपासून सहा उलट्या, तोंडाने घेतलेले राहत नाही’ अशी नोंद होती. औषधांच्या तक्त्यावर 8.15 ला सलाईन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे पहिले इंजेक्शन दिल्याची वेळ व सही होती. लघवीच्या तक्त्यावर त्या रात्रीच्या 12 तासांची बेरीज 280 मिलिलिटर होती. आकडे तुटपुंजे दिसत होते, पण त्यांचा अर्थ लावायला डॉक्टरांची गरज होती.

डॉक्टरांकडे 10 सप्टेंबरला गेले. त्यांना भेटायला जाताना ‘एक प्रमाणपत्र द्या’ असे म्हणण्याऐवजी लेखी प्रश्न न्यावेत, असे मी आवर्जून सांगेन. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर प्रमाणपत्र लिहितात ते सर्वसाधारण भाषेत, आणि त्या भाषेचा अपिलात उपयोग होत नाही. माझ्या कागदावर इतकेच होते: दाखल करण्याच्या क्षणी कोणत्या नोंदींवरून निर्णय घेतला, तोंडाने औषध देणे का शक्य नव्हते, पहिली आयजीएम चाचणी निगेटिव्ह असताना उपचार का चालू ठेवले, आणि 14 तारखेला प्लेटलेट वाढलेल्या असूनही 16 पर्यंत का ठेवले. त्यांनी प्रश्न वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘हे आधीच विचारलं असतं कंपनीने, तर दोन ओळींत लिहून दिलं असतं.’’ त्यांनी लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, दीड पानाचे उत्तर दिले. छापील ओळ नमुन्यातून आलेली असून दाखल होतानाची खरी नोंद नर्सिंग चार्टवर आहे, हा खुलासाही त्यातच केला.

आता पत्राची बांधणी. सुरुवातीला पॉलिसी क्रमांक, दावा क्रमांक, नकाराची तारीख आणि ‘फेरविचार करून दावा मंजूर करावा’ ही एका वाक्याची मागणी होती. त्याखाली अर्ध्या पानाचा तक्ता होता: तारीख व वेळ, नोंद, आणि ती कोणत्या जोडपत्राच्या कोणत्या पानावर आहे. सगळ्या जोडपत्रांना पेनाने सलग पृष्ठक्रमांक घातले होते. तपासणाऱ्या माणसाला पान शोधावे लागले, तर तो शोधणार नाही, हे गृहीत धरून हे काम केले. पुढे प्रत्येक मुद्द्यात एकच क्रम पाळला. कंपनीचे वाक्य जसेच्या तसे अवतरणात, मग नोंद, मग त्या नोंदीचा वैद्यकीय अर्थ, आणि शेवटी पॉलिसीतली संबंधित तरतूद.

पहिला मुद्दा ‘मुख्यतः तपासणीसाठी’ या विधानाचा. इथे वेळ हाच पुरावा होता. 8.15 ला शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले आणि आयजीएमचा अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. परिच्छेद असा होता: ‘जोडपत्र 3, पृष्ठ 11 वरील नोंदीनुसार दाखल झाल्यानंतर 35 मिनिटांत शिरेवाटे प्रतिजैविक व सलाईन सुरू करण्यात आले. निदानाचा अहवाल येण्यापूर्वीच उपचार सुरू झाले असल्याने व पुढील पाचही दिवस ते अखंड चालू असल्याने दाखल होण्याचा हेतू तपासणी हा नव्हता. प्रमाणपत्रातील निरीक्षण हा शब्द उपचारांसोबत केलेल्या निरीक्षणासंबंधी आहे (जोडपत्र 5).’

दुसरा मुद्दा स्थिर असण्याचा. त्यात 90/60 आणि 118 या नोंदी होत्याच, पण जास्त जागा लघवीच्या मोजमापाला दिली. मूत्रपिंडाला इजा होत आहे का, हे पाहताना दर तासाला वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिलिटर ही खालची मर्यादा धरतात. बाबांचे वजन 56 किलो, म्हणजे तासाला 28 आणि 12 तासांना 336 मिलिलिटर लघवी किमान हवी होती. झाली होती 280. मूत्रपिंडाचे काम बिघडले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन त्याच रात्री 1.9 होते आणि प्लेटलेट 68,000 होत्या. लेप्टोमध्ये मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुस धोक्यात येतात आणि प्रकृती काही तासांत बिघडू शकते. त्यामुळे ही बेरीज वजाबाकी पत्रात सविस्तर मांडली. नुसते ‘लघवी कमी होती’ असे लिहिले असते तर ते मत ठरले असते.

तिसरा मुद्दा निगेटिव्ह चाचणीचा. आपल्याकडे सर्वांत जास्त दावे याच ठिकाणी अडकत असावेत, असे माझे मत आहे. आयजीएम चाचणी जंतू शोधत नाही, ती शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती साधारणपणे आजाराच्या पाचव्या ते सातव्या दिवसानंतर रक्तात सापडण्याइतकी होतात. बाबांचे रक्त 11 जुलैला, म्हणजे तापाच्या चौथ्या दिवशी घेतले होते. त्या दिवशीच्या निगेटिव्ह अहवालाने आजार नाही असे सिद्ध होत नाही. 18 जुलैला फेरतपासणीच्या वेळी, अकराव्या दिवशी घेतलेला नमुना पॉझिटिव्ह आला होता. पण तो अहवाल बाह्यरुग्ण विभागाच्या फाईलमध्ये होता आणि रुग्णालयाने दाव्यासाठी दिलेल्या संचात तो नव्हता. तो आता जोडला. लेप्टोच्या निदानासाठी भारतात सुधारित फेन निकष वापरतात. त्यात लक्षणांबरोबर पावसाळ्याला 5 आणि दूषित पाण्याशी संपर्काला 4 गुण आहेत. डॉक्टरांनी प्रयोगशाळेचा अहवाल बाजूला ठेवून केलेली बेरीज 26 आली होती, आणि तेवढ्यावर लेप्टोचे संभाव्य निदान धरले जाते.

इथे एक मोह टाळावा लागला. पॉझिटिव्ह अहवाल हातात आल्यावर सगळे पत्र त्यावरच उभे करावे असे वाटते. पण दाखल करण्याची गरज होती की नाही, हे 11 जुलैच्या संध्याकाळी जे माहीत होते त्यावरून ठरायला हवे, आणि आठवड्याने आलेला अहवाल त्या संध्याकाळी कोणाकडेच नव्हता. उद्या एखाद्याचा दुसरा अहवालही निगेटिव्ह आला, तरी 90/60 रक्तदाब असलेल्या, उलट्या थांबत नसलेल्या माणसाला घरी पाठवणे बरोबर ठरत नाही. म्हणून तो अहवाल निदानाच्या मुद्द्यापुरता ठेवला आणि आवश्यकतेचा मुद्दा त्याच्याशिवायच उभा राहील असा लिहिला.

चौथ्या मुद्द्यात, म्हणजे बाह्यरुग्ण उपचारांबाबत, थोडक्यात लिहून भागले. ते उपचार करून झाले होते. आरोग्य केंद्राचा 9 जुलैचा केसपेपर जोडला, डॉक्सिसायक्लिन त्यावर लिहिलेले होते, आणि उलट्यांच्या नोंदीमुळे ते पोटात टिकत नव्हते हे दिसत होते. आरोग्य केंद्राचा तो चुरगळलेला कागद आईने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवला होता म्हणून मिळाला. दाखल होण्यापूर्वीच्या प्रत्येक चिठ्ठीची अशी किंमत असते.

कंपनीने न घेतलेला एक आक्षेप आम्ही स्वतःहून मांडला, तो कालावधीचा. प्लेटलेट 14 जुलैला 1,12,000 झाल्या होत्या, मग आणखी दोन दिवस कशाला, असे कोणीही विचारले असते आणि व्याख्येच्या दुसऱ्या अंगात कालावधी स्पष्ट लिहिलेला आहे. उत्तर क्रिएटिनिनमध्ये होते. ते 14 ला 1.6 होते आणि 16 ला 1.2 वर आले, त्याच दिवशी सुट्टी मिळाली. शिवाय 1,250 रुपयांची व्हिटॅमिन बी12 ची तपासणी या आजाराशी संबंधित नाही, ती रक्कम आम्ही मागत नाही, असेही एका ओळीत लिहिले. भावाला हे पटले नव्हते. मला वाटते, जे टिकणार नाही ते आपण सोडले की उरलेले वाचणाऱ्याला विश्वासार्ह वाटते.

शेवटी दोन मागण्या लिहिल्या. विमा नियामक आयआरडीएआयच्या 29 मे 2024 च्या मुख्य परिपत्रकानुसार दावा नाकारण्यापूर्वी कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीची किंवा उत्पादन व्यवस्थापन समितीची मंजुरी लागते, म्हणून ती घेतली होती का, हे कळवावे. आणि नकार कायम ठेवायचा असल्यास प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र, कारणासह उत्तर द्यावे.

पत्र 15 सप्टेंबरला तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर एकाच पीडीएफमध्ये आणि स्पीड पोस्टनेही पाठवले. मूळ कागद एकही दिला नाही. त्याच दिवशी bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला. तक्रारीचे उत्तर दोन आठवड्यांत द्यायचे असते. मधल्या दिवसांत कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीएकडून फोन आला आणि ‘‘मॅडम, तोंडी सांगा काय झालं होतं,’’ असे विचारले. ‘‘पत्रात सगळे आहे, पृष्ठ 2 पाहा आणि शंका असल्यास ईमेल करा,’’ एवढेच सांगितले, कारण तोंडी बोललेले कुठेच नोंदले जात नाही. त्या काळात मी दिवसातून अनेकदा ईमेल उघडत होते आणि बाबा मात्र, ‘‘भात कापणेक येयत तवसर येतले पैशे,’’ म्हणून मोकळे झाले होते.

26 सप्टेंबरला फेरविचारात दावा मंजूर झाल्याचे कळले. उत्तर चार ओळींचे होते. आमच्या मुद्द्यांवर किंवा समितीबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. 7 ऑक्टोबरला 67,660 रुपये जमा झाले. बी12 ची रक्कम वजा होणार हे ठाऊक होते. त्याशिवाय हातमोजे, सिरिंज वगैरे वस्तूंचे 2,940 रुपये पॉलिसीतल्या यादीप्रमाणे कापले होते. यादी ताडून पाहिली, कपात बरोबर होती, म्हणून तिथे थांबलो.

नकार कायम राहिला असता तर पुढची फाईल तयार होती. विमा लोकपालाकडे जाण्यापूर्वी कंपनीला लेखी निवेदन द्यावे लागते, आणि तिने ते फेटाळले किंवा महिनाभर उत्तर दिले नाही तर एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी पुण्याचे कार्यालय आहे. तिथे पाठवायलाही हेच पत्र, हीच जोडपत्रे आणि हेच पृष्ठक्रमांक चालले असते. फक्त वर कंपनीच्या उत्तराची प्रत लावावी लागली असती.